वर्गातलं संशोधन (भाग 4): प्रश्न केवढा असावा?

कृतिसंशोधनाच्या आराखड्यात पहिल्या पानावर हमखास दिसणारं शीर्षक असतं: ‘इयत्ता तिसरीच्या विद्यार्थ्यांना वाचनात येणाऱ्या अडचणींचा शोध व उपाययोजना’. त्यात खोटं काही नाही. पण असा प्रश्न घेतला की काम कधी संपलं हेच कळत नाही. अहवाल मात्र ‘सकारात्मक बदल दिसून आला’ या वाक्यावर संपतो.

प्रश्न लहान करायचा तर टेबलावर बसून जमत नाही, आधी मुलांचं वाचन ऐकावं लागतं. नमुन्यादाखल 26 मुलांची एक तिसरी घेऊ. दुसरीच्या पातळीचा, मुलांनी न पाहिलेला उतारा द्यायचा, प्रत्येकाला एकट्याने जवळ बसवून एक मिनिट वाचून घ्यायचं आणि आपल्याकडच्या प्रतीवर चुकलेल्या शब्दांवर खूण करायची. वाचलेल्या शब्दांतून चुकलेले वजा केले की मिनिटाला बरोबर शब्द मिळतात: 41 वाचले, 5 चुकले, म्हणजे 36. मुलाने स्वतःच सुधारलेला शब्द बरोबर धरायचा. घरच्या बोलीमुळे ‘ण’चा ‘न’ झाला, तर ती चूक मानू नये. हे नियम मात्र पहिल्या मुलाच्या आधी ठरवा, नाहीतर आवडत्या मुलांना सूट मिळते.

समजा, आपल्या वर्गात असं दिसलं: 10 मुलं 60 शब्दांच्या पुढे आहेत. ‘निपुण भारत’चं तिसरीअखेरचं लक्ष्य मिनिटाला किमान 60 शब्द समजून वाचण्याचं आहे, म्हणजे त्यांची चिंता नाही. 9 मुलं काना-मात्रातच अडकतात. उरलेली 7 मुलं शब्द बहुतेक बरोबर वाचतात, पण एकेक सुटा करून, 25 ते 40च्या वेगाने. ओघाचा प्रश्न आहे तो या सातांचा. त्या नऊ मुलांना या संशोधनात घेण्याचा मोह होतोच, कारण ती जास्त मागे आहेत. पण ज्याला अक्षरच ओळखता येत नाही, त्याला ओघाचा सराव देऊन उपयोग नाही. त्यांच्यासाठी वेगळं काम वर्गात सुरू ठेवा. ते या अहवालात मात्र नको.

आता उपाय एकच निवडायचा. वाचनकोपरा, शब्दपट्ट्या, पालकभेट आणि गोष्टींचा तास असं सगळं एकदम सुरू केलं, तर फरक कशामुळे पडला हे सांगता येणार नाही. आपण पुनर्वाचन घेऊ: जोडीने बसून तोच छोटा उतारा तीनदा मोठ्याने वाचायचा. मुलं सात आहेत, म्हणून एका गटात तिघं. मग प्रश्न असा होतो:

‘शब्द बरोबर पण सुटे वाचणाऱ्या तिसरीतल्या 7 मुलांनी सहा आठवडे, शाळेच्या प्रत्येक दिवशी 15 मिनिटं पुनर्वाचन केलं, तर न वाचलेल्या उताऱ्यात त्यांच्या मिनिटाला बरोबर शब्दांत किती फरक पडतो?’

यातले ‘न वाचलेल्या’ हे दोन शब्द गाळले की सगळं कोसळतं. सरावाचाच उतारा शेवटी वाचायला दिला, तर वेग वाढलेला दिसणारच. उतारा पाठ झालेला असतो. मूल कागदावर बघता बघता नजर उचलून पुढचे शब्द म्हणू लागलं की समजावं. मोजणीचे उतारे म्हणून वेगळे राखून ठेवा, आणि ते एकमेकांशी जुळते हवेत. मराठीत ही गोम मोठी आहे: ‘घर’ हाही एक शब्द आणि ‘शेजाऱ्यांच्याबरोबर’ हाही एकच. शब्दसंख्या सारखी असली तरी एका उताऱ्यात लांब शब्द आणि जोडाक्षरं जास्त निघाली, तर मूल मागे पडल्यासारखं दिसेल. म्हणून अक्षरं आणि जोडाक्षरंही मोजून घ्या.

दुसरी अडचण अशी की सहा आठवड्यांत मुलं तशीही थोडी पुढे जातातच. वर्गात अशी मुलं सातच असताना तुलनेसाठी दुसरा गट कुठून आणणार? त्यापेक्षा उपाय सुरू करण्याआधी तीन आठवडे, आठवड्यातून एकदा मोजा. एखादा मुलगा 30, 32, 34 असा आपणहून चढत असेल, तर सहा आठवड्यांनी त्याचे 46 शब्द हे पुनर्वाचनाचं यश म्हणता येणार नाही. त्याच चालीने तो तिथे पोचलाच असता. आणि प्रत्येक मोजणीनंतर उताऱ्यावर दोन सोपे प्रश्न विचारा. आकलन हा आपला संशोधनप्रश्न नाही, पण मुलं नुसती धावू लागली तर ते त्यातून लगेच कळतं.

तीन आणि सहा मिळून नऊ आठवडे होतात. गणपती, दिवाळीची सुट्टी, ऊसतोडीला जाणारी कुटुंबं हे सगळं दिनदर्शिकेवर मांडून तारखा ठरवा. ज्या मुलाचे सरावाचे दिवस 20 पेक्षा कमी भरले, त्याचे आकडे वेगळे दाखवायचे, हेही आत्ताच लिहून ठेवा.

पुढच्या भागात मोजणीचे उतारे तयार करू. तोवर आपल्या वर्गातल्या प्रत्येक मुलाचं एक मिनिट वाचन ऐकून ठेवा. 26 मुलांना मिळून दीड तास पुरतो.