तिसऱ्या दिवसाचा फसवा आयएनआर

पायाच्या शिरेत गुठळी झालेल्या रुग्णाला हेपॅरिनचे इंजेक्शन आणि वॉरफॅरिनची गोळी एकदमच सुरू केली. तिसऱ्या दिवशी आयएनआर २.२ आला. हवा तो टप्पा २ ते ३, मग हेपॅरिन बंद करायचे का? औषधशास्त्राच्या परीक्षेत इथेच अनेकांचे गुण जातात. उत्तर आहे, नाही.

वॉरफॅरिन रक्तातल्या तयार घटकांना हात लावत नाही. व्हिटॅमिन के वापरून यकृत जे नवे घटक बनवते, त्यांची निर्मिती ते अडवते. त्यातला सातवा घटक काही तासांतच सरतो, म्हणून आयएनआर लगेच वाढतो. पण गुठळी खरी घडवणारा दुसरा घटक, प्रोथ्रॉम्बिन, दोन-तीन दिवसांत जेमतेम निम्मा होतो. म्हणून हेपॅरिन किमान पाच दिवस, आणि आयएनआर २ च्या वर चोवीस तास टिकेपर्यंत चालू ठेवतात.

उताऱ्यामागेही हेच कारण आहे. हेपॅरिनचा परिणाम एपीटीटीवर दिसतो आणि प्रोटामिन तो मिनिटांत उतरवते. वॉरफॅरिनवर व्हिटॅमिन के दिले तरी यकृताला नवे घटक बनवायला कित्येक तास लागतात. जिवावर बेतलेल्या रक्तस्रावात सोबत तयार घटकांचे कॉन्सन्ट्रेट द्यावेच लागते.

अॅस्पिरिनची गोष्ट वेगळी. ते प्लेटलेटला कायमचे निकामी करते, आयएनआर मात्र नॉर्मलच राहतो. त्यावर खास उतारा नाही. नव्या प्लेटलेट येईपर्यंत आठवडाभर थांबावे लागते.