रजेचा व्हिडिओ: काय सांगावं, काय टाळावं

डिसेंबर 2019 मध्ये 'प्युडीपाय' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फेलिक्स शेलबर्ग या स्वीडिश यूट्यूबरने आपल्या प्रेक्षकांना सांगितलं, की नवीन वर्षात तो काही काळ थांबणार आहे. कारण त्याने आडपडदा न ठेवता सांगितलं: तो थकला होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच्या चॅनेलने 10 कोटी सदस्यांचा टप्पा ओलांडला होता. जवळजवळ रोज एक व्हिडिओ टाकायची त्याची सवय होती. 15 जानेवारी 2020 रोजी त्याने तात्पुरत्या निरोपाचा व्हिडिओ टाकला आणि 21 फेब्रुवारीला तो परत आला. मध्ये गेला तो महिना आणि वर थोडे दिवस. रजेची बातमी प्रेक्षकांना आधीच कळलेली असल्याने रोजचा व्हिडिओ अचानक का थांबला, हे कोडं कुणाला पडलं नाही.

हातातलं काम थांबवायला यूट्यूबर का घाबरतात? यूट्यूबची शिफारस यंत्रणा गैरहजेरीची शिक्षा करते, अशी समजूत पक्की रुजली आहे. तेव्हाच्या यूट्यूबप्रमुख सुझन वोचित्स्की यांनी नोव्हेंबर 2019 मध्ये पत्र लिहून त्यावर उत्तर दिलं होतं. कंपनीने सहा वर्षांतल्या लाखो चॅनेलांच्या सुट्ट्या तपासल्या, आणि परतल्यावर त्यांना सुट्टीवर जाण्याआधीपेक्षा सरासरीने जास्तच व्ह्यूज मिळाले, असं त्यांनी त्यात म्हटलं होतं. अर्थात ही सरासरी आहे, आणि आकडे खुद्द कंपनीचे. त्यावरून एखाद्या विशिष्ट चॅनेलचं काय होईल, हे ठरत नाही.

चॅनेलचा विषय कोणता, यावर बरंच अवलंबून असतं. समजा, एका पाककृतींच्या चॅनेलवर दर मंगळवारी आणि शुक्रवारी व्हिडिओ येतो. महिनाभर थांबलं तर आठ-नऊ व्हिडिओ बुडतील. पण 'पुरणपोळी कशी करायची' हे लोक सर्चमध्ये शोधतच राहतात, त्यामुळे जुने व्हिडिओ चालत राहतात आणि जाहिरातींचे थोडेफार पैसेही येतात. याउलट चालू घडामोडींवर बोलणाऱ्या चॅनेलचा कालचा व्हिडिओ आज शिळा होतो, तिथे व्ह्यूज लगेच घसरतात. आपले प्रेक्षक सर्चमधून येतात की नव्या व्हिडिओची सूचना पाहून, हे यूट्यूब स्टुडिओत दिसतं. रजा घेण्याआधी ते बघून ठेवलं, की घसरण किती होईल याचा अंदाज येतो.

आता व्हिडिओकडे. पाककृतींच्या त्या चॅनेलवाल्या ताईंनी दोन मिनिटांत चार गोष्टी सांगाव्यात. थांबण्याचं कारण, तेही एका वाक्यात. घरचं आजारपण असेल तर त्याचा तपशील देण्याची गरज नाही. शेवटचा व्हिडिओ कधी येईल, ते. परत कोणत्या तारखेला येणार, ते. आणि परतल्यावर काय बदलेल, ते: आठवड्याला दोनऐवजी एकच व्हिडिओ येणार असेल, तर आजच सांगितलेलं बरं. 'लवकरच भेटू' या शब्दांवर मात्र भिस्त ठेवू नये. तारीख नसली की लोक दोन आठवड्यांनी कमेंटमध्ये विचारू लागतात आणि रजेवर असलेल्या माणसाला उत्तरं देत बसावं लागतं. तारीख पाळण्याची खात्री नसेल, तर 'पंधरा तारखेला कळवते' हेही चालतं. निदान कधी कळेल ते तरी ठरतं.

चॅनेलची सशुल्क सदस्य योजना असेल, तर पाचवी गोष्टही सांगावी लागते. चॅनेलवाल्या रजेवर गेल्या, तरी सदस्यांचे पैसे दर महिन्याला आपोआप कापले जातात. त्या महिन्यात बदल्यात काय मिळणार, की कुणाला सदस्यत्व बंद करायचं असेल तर खुशाल करावं, हे स्पष्ट सांगितलं नाही, तर नाराजी इथूनच सुरू होते.

नियमांच्या बाजूने महिना निर्धोक आहे. सलग सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ व्हिडिओ किंवा चॅनेलवरची पोस्ट आली नाही, तर यूट्यूब कमाईची सोय काढून घेऊ शकतं. एका महिन्याने ती मर्यादा गाठली जात नाही.

परतल्यावरचा पहिला व्हिडिओ नेहमीच्याच धाटणीचा असावा. दहा मिनिटं माफी मागत बसण्यापेक्षा एका वाक्यात 'आले परत' म्हणून थेट पदार्थ दाखवावा. पहिल्या व्हिडिओचे व्ह्यूज कमी दिसले म्हणून लगेच निष्कर्ष काढू नये. परतल्यानंतरचे 28 दिवस आणि थांबण्याआधीचे 28 दिवस स्टुडिओत शेजारी ठेवून पाहावेत. त्यातही गणपती-दिवाळीसारखा सण एकाच बाजूला आला असेल, तर ती तुलना फसवी ठरते; पाककृतींच्या चॅनेलला तर हमखास.