नारिंगी पट्टीखालची भोकं

कानाच्या मशीनच्या सेलवर नारिंगी पट्टी असली म्हणजे तो 13 नंबरचा. कानामागे बसणाऱ्या कितीतरी मशीनमध्ये हाच लागतो. रुंदी 7.9 मिलिमीटर, जाडी 5.4. ती पट्टी नखाने सोलली की खाली चकचकीत सपाट तळ दिसतो आणि त्यावर सुईने टोचल्यासारखी बारीक भोकं. सेलची सगळी ताकद या भोकांतून येते, आणि तो मरतोही यांच्यामुळेच.

अगदी याच आकाराचा घड्याळातला सिल्व्हर ऑक्साइड सेल घ्या. त्याची क्षमता 75 मिलिअँपिअर-तासांच्या आसपास असते. जस्त-हवेचा 13 नंबर देतो जवळजवळ 300. डबी तेवढीच, मग चौपट वीज येते कुठून? जस्त दोन्हींत आहे. फरक आहे तो त्या जस्ताला लागणाऱ्या ऑक्सिजनचा. घड्याळाच्या सेलमध्ये हा ऑक्सिजन सिल्व्हर ऑक्साइडच्या रूपात डबीतच भरावा लागतो आणि तो बरीच जागा खातो. जस्त-हवेच्या सेलमध्ये ऑक्सिजन ठेवलेलाच नसतो, तो खोलीतल्या हवेतून येतो. भोकांच्या आत कार्बन, मँगनीज डायऑक्साइड, निकेलची जाळी आणि टेफ्लॉन यांचा एक पातळ पापुद्रा असतो, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. हवेतला ऑक्सिजन तिथे पकडला जातो. बाकीची बहुतेक डबी जस्ताच्या भुकटीने आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावाने भरलेली असते. थोडी जागा मुद्दाम मोकळी ठेवतात, कारण जस्ताचं ऑक्साइड झालं की ते फुगतं.

हिशेब मांडून पाहिला की गंमत कळते. 300 मिलिअँपिअर-तासांसाठी सुमारे 70 मिलिलिटर ऑक्सिजन लागतो, म्हणजे साधारण तिसरा हिस्सा लिटर हवा. आणि सेलचं स्वतःचं आकारमान? पाव मिलिलिटरच्या थोडं वर! आपल्या आकाराच्या हजारपटीहून जास्त हवेतला ऑक्सिजन हा सेल वापरतो, आणि तो पकडून ठेवत असल्यामुळे वापरलेला सेल नव्यापेक्षा किंचित जड भरू शकतो.

पट्टी काढल्याबरोबर मशीनमध्ये घालू नये, असं ऑडिओलॉजिस्ट सांगतात तेही यामुळेच. पट्टीखाली आत हवा अगदी थोडी असते. ती भरून व्होल्टेज 1.4च्या जवळ यायला काही मिनिटं लागतात. सेल पाचेक मिनिटं उघडा ठेवून मग बसवावा.

पण ज्या वाटेने ऑक्सिजन आत येतो, त्याच वाटेने पाण्याची वाफही ये-जा करते. आतला द्राव साधारण 50 ते 60 टक्के आर्द्रतेच्या हवेशी समतोल राखून असतो. मे महिन्यात नागपूरची कोरडी हवा त्यातलं पाणी ओढून घेते आणि द्राव सुकत जातो. जुलैत मुंबईची किंवा रत्नागिरीची दमट हवा उलट पाणी आत ढकलते. मग जस्ताला फुगायला ठेवलेली जागा पाण्याने भरते आणि पापुद्र्याची छिद्रं ओली होऊन ऑक्सिजनची वाट अडते. शिवाय हवेतला कार्बन डायऑक्साइड द्रावात शिरून हळूहळू त्याचं कार्बोनेट करत राहतो. यांतलं काहीही मशीन बंद केल्याने थांबत नाही.

म्हणूनच कमी वापरणाऱ्याला हा सेल महाग पडतो. समजा मशीन 1.5 मिलिअँपिअर ओढतं. दिवसाला बारा तास लावलं तर 300चा सेल सोळा-सतरा दिवस जातो आणि त्यातलं जवळजवळ सगळं जस्त कामी येतं. आता एखाद्या आजी फक्त संध्याकाळी दोन तास मशीन लावतात असं धरा. रोजचे तीन मिलिअँपिअर-तास. कागदावर हा सेल शंभर दिवस चालायला हवा. प्रत्यक्षात तीन-चार आठवड्यांत तो सुकतो किंवा भिजतो, आणि तीन-चतुर्थांश जस्त तसंच कचऱ्यात जातं. दुकानदाराने जुना माल दिला, असं घरच्यांना वाटतं. बिचाऱ्याचा बहुतेक वेळा काही दोष नसतो.

असा सेल ओळखायची खूण आहे. शांत खोलीत मशीन नीट चालतं, पण ब्लूटूथवर फोन घेतला की आवाज तुटतो किंवा मशीन बंद पडतं. जास्त करंट मागितला की पुरेसा ऑक्सिजन पोचत नाही, नाहीतर सुकलेला द्राव आडवा येतो. नुसत्या सेलला मल्टिमीटर लावून मात्र फारसं कळत नाही, कारण भार नसताना अर्धमेला सेलही 1.3 व्होल्टच्या वर दाखवू शकतो.

रात्री पट्टी परत चिकटवण्याची युक्ती बरेच जण करतात. त्याने फार काही साधत नाही. एकदा सोललेली पट्टी पहिल्यासारखी घट्ट बसत नाही, आणि आत आलेला ओलावा किंवा गेलेलं पाणी त्याने भरून येत नाही. सेल फ्रिजमध्येही ठेवू नयेत, बाहेर काढल्यावर त्यांच्यावर दव धरतं. झोपताना सेलचं दार उघडं ठेवलं की करंट थांबतो आणि मशीनमधला घाम सुकतो, एवढा फायदा नक्की होतो.

भोकं आणखी लहान केली तर सेल टिकेल, पण करंट पुरणार नाही. कॉक्लियर इम्प्लांटसाठी निळ्या पट्टीचे 675 नंबरचे जे खास सेल मिळतात, त्यांत उलट हवेची वाट जास्त मोकळी ठेवलेली असते, कारण त्या यंत्राची भूकच मोठी. दिवसभर मशीन लावणाऱ्याला जस्त-हवेचा सेल अजूनही चोख हिशेब देतो. दोन तासांपुरतं लावणाऱ्या आजींसाठी मात्र पुढचं मशीन घेताना चार्जिंगचं, लिथियम-आयन बॅटरीचं घ्यावं, असं मला वाटतं. ती बॅटरी पूर्ण बंद असते. हवेशी तिचा संबंधच येत नाही.