कुर्ता एकाचा बदला, बाकीच्यांना हात लावू नका

लग्नाच्या अल्बममधला एक फोटो डोळ्यांसमोर आणा. मांडवाच्या दाराशी नऊ माणसं ओळीने उभी आहेत. आठ जण ठेवणीतल्या कपड्यांत आहेत. चौथा, म्हणजे नवरदेवाचा चुलतभाऊ, गाडी उशिरा आल्यामुळे स्टेशनवरून थेट मांडवात आला आहे आणि त्याच्या अंगात लालभडक टी-शर्ट आहे. त्याच्या डाव्या खांद्यावर आत्याने हात ठेवला आहे, तर उजवीकडे पांढऱ्या सदऱ्यातले आजोबा आहेत. हा फोटो मोठा करून भिंतीवर लावायचं ठरतं आणि फोटोचं काम करणाऱ्याकडे मागणी येते : ‘ह्याला तेवढा मोतिया रंगाचा कुर्ता चढवा, बाकी कुणालाही हात लावू नका.’

या मागणीचा पहिला भाग आता सोपा झाला आहे. फोटो एखाद्या एआय साधनात टाकून साध्या भाषेत सूचना लिहिली की मिनिटभरात कुर्ता मिळतो. खरी अडचण दुसऱ्या भागाची आहे. कुर्ता झकास आलेला असतो, पण नीट पाहिलं तर आजोबांची जिवणी बदललेली असते, आत्याच्या साडीच्या काठावरची नक्षी वेगळीच झालेली असते आणि मागे उभ्या असलेल्या मामाचा चश्मा थोडा वाकडा असतो. ‘बाकीचे जसेच्या तसे ठेव’ असं सूचनेत कितीही वेळा लिहिलं, तरी याची खात्री मिळत नाही.

चेहरे का बदलतात?

अशी बरीच साधनं फोटोतला टी-शर्ट खोडून तिथे कुर्ता काढत नाहीत. ती मूळ फोटो पाहून अख्खं चित्र नव्याने काढतात. त्यासाठी आधी फोटो लहान केला जातो आणि मग आणखी आटवून एका संक्षिप्त रूपात नेला जातो. ‘स्टेबल डिफ्यूजन’च्या पद्धतीत आठ बाय आठ बिंदूंच्या चौकोनामागे त्या संक्षिप्त रूपात एकच घर उरतं, आणि त्या घरात मोजके आकडे असतात.

आपल्या फोटोचा हिशेब करून पाहू. फोटो ४००० बिंदू रुंद आहे आणि त्यात आजोबांचा चेहरा साधारण १६० बिंदू रुंद आहे. साधनाने फोटो १०२४ बिंदूंवर आणला की चेहरा ४० बिंदूंचा होतो. संक्षिप्त रूपात त्याच्या वाट्याला रुंदीत पाचच घरं येतात. डोळे, सुरकुत्या, मिशीची ठेवण हे सगळं त्या पाच घरांत मावत नाही. चित्र पुन्हा मोठं करताना जे हरवलं ते साधन अंदाजाने भरतं, आणि तो अंदाज ‘कुणीतरी म्हातारे गृहस्थ’ एवढाच असतो. एकट्याच्या फोटोत चेहरा मोठा असल्यामुळे हे फारसं जाणवत नाही. घोळक्यातल्या फोटोत मात्र माणसं जितकी जास्त, तितका प्रत्येकाचा चेहरा लहान आणि तितका धोका मोठा.

म्हणून या कामाचं मूळ सूत्र असं : साधनाकडून फक्त कापड घ्यायचं, माणसं मूळ फोटोतलीच ठेवायची.

कापड मिळवताना

पहिली गोष्ट म्हणजे अख्खा फोटो साधनाला द्यायचाच नाही. नऊ माणसं ४००० बिंदूंत उभी असली, तर एकेकाच्या वाट्याला साधारण चारशे-साडेचारशे बिंदू येतात. चुलतभावाभोवतीचा १०२४ बाय १०२४ चा चौकोन कापून घेतला, तर गळ्यापासून गुडघ्यापर्यंतचा भाग त्यात बसतो आणि फोटो लहान करावा लागत नाही. कापड मूळच्याच बारकाईने तयार होतं.

या तुकड्यात जागा निवडून द्यायची. इथे पुष्कळांचं चुकतं, कारण ते टी-शर्टच्या कडेने काटेकोर निवड करतात. तेवढ्याच जागेत काम करायचं असल्यामुळे साधन मग टी-शर्टच्याच आकाराचा, अर्ध्या बाहीचा, कमरेशी संपणारा कुर्ता देतं. आपल्याला पूर्ण बाहीचा, गुडघ्यापर्यंतचा कुर्ता हवा असेल, तर निवडीत हातांचा मनगटापर्यंतचा भाग, पँटचा वरचा भाग आणि गळ्याखालची थोडी जागा घ्यायला हवी. म्हणजे ही निवड सैल हवी. सूचनेत रंगाबरोबर कापडाचा पोत आणि उजेडाची दिशाही लिहावी : मोतिया रंगाचा सुती कुर्ता, ऊन डावीकडून.

कपडा निवडताना एक पथ्य पाळावं. नवा कपडा जुन्याला पूर्ण झाकणारा असावा. टी-शर्टच्या जागी कुर्ता आला की जुनं सगळं झाकलं जातं. उलट, घोळदार जाकिटाच्या जागी अंगाबरोबरचा सदरा हवा असेल, तर जाकिटामागे दडलेला आजोबांच्या बाहीचा भाग उघडा पडतो. तो भाग कॅमेऱ्याने टिपलेलाच नाही, म्हणजे तो कल्पनेने भरावा लागणार. अशा वेळी ‘बाकीचे जसेच्या तसे’ हे वचन पाळता येत नाही, आणि गिऱ्हाईकाला तसं आधीच सांगावं.

कापड बसवताना

आता ‘फोटोशॉप’ किंवा फुकट मिळणाऱ्या ‘गिम्प’मध्ये मूळ फोटो उघडायचा. तो खालचा थर. त्याला शेवटपर्यंत हात लावायचा नाही. साधनाकडून आलेला तुकडा वरच्या थरावर, जिथून कापला बरोबर तिथेच ठेवायचा. काही साधनं तुकडा एक-दोन बिंदू सरकवून किंवा किंचित लहानमोठा करून परत देतात. म्हणून वरच्या थराचा मोड `Difference` करायचा. या मोडमध्ये दोन थरांतला फरक तेवढा दिसतो. जिथे दोन्ही सारखे, तिथे काळं. निवडीबाहेरच्या भागात उजळ कडा दिसल्या, तर तुकडा सरकला आहे असं समजावं आणि कडा नाहीशा होईपर्यंत तो हलवावा. मग मोड पुन्हा `Normal` करावा.

यानंतर वरच्या थराला `Layer Mask` जोडायचा. भिंत रंगवताना खिडकीच्या चौकटीला चिकटपट्टी लावतात, तसंच हे काम. मास्क काळा असेल तिथे वरचा थर दिसत नाही, पांढरा असेल तिथे दिसतो. सुरुवातीला सगळा मास्क काळा ठेवायचा आणि फक्त कुर्त्यावर पांढरा ब्रश फिरवायचा. साधनाला दिलेली निवड सैल होती, हा मास्क मात्र काटेकोर हवा. कडा दोन-तीन बिंदूंनी मऊ ठेवाव्यात, कारण कॅमेऱ्याच्या फोटोत कुठलीच कड सुरीने कापल्यासारखी नसते.

सगळ्यात जास्त वेळ आत्याच्या हाताला लागतो. खांद्यावरची चार बोटं आत्याची आहेत, त्यामुळे ती मूळ फोटोतलीच दिसली पाहिजेत. साधनाने पुष्कळदा तिथे पाच बोटं काढलेली असतात किंवा अंगठी गायब केलेली असते. फोटो मोठा करून बोटांच्या कडेने मास्क काळा करत जायचं. बोटांखालची सावली मात्र कापडावर पडलेली आहे, ती नव्या कुर्त्यावर हवी. ती आली नसेल, तर कुर्त्याच्या वर आणखी एक थर घेऊन, त्याचा मोड `Multiply` ठेवून, मऊ ब्रशने फिकट करडी सावली घालावी. ती नसली की हात खांद्यावर टेकलेला न वाटता हवेत तरंगतो.

मग कापड शेजारच्या कपड्यांशी ताडून पाहावं. फोटो शंभर टक्क्यांवर आणला की मूळ कपड्यांवर कॅमेऱ्याची बारीक रवाळ दाणेदारी दिसते. नवं कापड तिथे गुळगुळीत दिसतं आणि लगेच उघडं पडतं. कुर्त्याच्या थरावर तेवढीच दाणेदारी घालावी. ती `Noise` फिल्टरने घालता येते.

जिथे नियम मोडावा लागतो

आजोबांच्या पांढऱ्या बाहीकडे पाहा. लाल टी-शर्टवर पडलेलं ऊन परावर्तित होऊन त्या बाहीच्या कडेला गुलाबी झाक आली आहे. टी-शर्ट गेला, झाक राहिली. कुणालाही हात लावायचा नाही म्हटलं, तर ती तशीच ठेवावी लागेल, आणि मोतिया कुर्त्याशेजारी ती खटकेल. अशा वेळी त्या पट्ट्यापुरता वेगळा मास्क करून फक्त लाल रंगाची तीव्रता उतरवावी. बाहीचा आकार, चुण्या, पोत तसेच राहतात. हा बदल गिऱ्हाईकाला विचारून करावा, कारण त्याने घातलेल्या अटीला हा एकच अपवाद आहे.

कधीकधी कपडा तोच ठेवून फक्त रंग बदलायचा असतो. तेव्हा एआयची गरजच नाही. मास्क करून `Hue-Saturation` ने लालाचा निळा होतो आणि चुण्या मूळच्याच राहतात. पांढऱ्या किंवा काळ्या कापडात मात्र फिरवायला रंगच नसतो, त्यामुळे तिथे ही युक्ती चालत नाही.

पुरावा

काम झाल्यावर ‘मला तरी सगळं सारखं वाटतंय’ यावर विसंबू नये. फोटोची मूळ प्रत पुन्हा सगळ्यांत वर ठेवावी आणि तिचा मोड `Difference` करावा. सगळी चौकट काळी आणि मध्ये फक्त कुर्त्याची आकृती उजळ, असं दिसलं पाहिजे. बारीक फरक काळ्यात लपतात, म्हणून `New from Visible` ने या दृश्याचा नवा थर करावा आणि त्यावर `Threshold` लावून डावी खूण जवळजवळ डाव्या टोकापर्यंत न्यावी. आता जिथे नावालाही बदल झाला असेल तिथे पांढरे ठिपके उमटतात. कुर्ता, त्यावरची सावली आणि आजोबांच्या बाहीचा तो पट्टा सोडून कुठेही पांढरं दिसलं, तर मास्क तिथे गळतो आहे.

ही तपासणी फोटो साठवण्याआधी करावी, आणि अंतिम प्रत `PNG` किंवा `TIFF` मध्ये ठेवावी. `JPEG` दर वेळी साठवताना सगळ्याच फोटोचे बिंदू थोडेथोडे बदलतं. डोळ्याला ते कळत नाही, पण ‘जसंच्या तसं’ हे मग अक्षरशः खरं राहत नाही. व्हॉट्सॲपवर पाठवायचाच असेल, तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावा.

ज्याचा कपडा बदलायचा, त्याला आधी विचारावं. मूळ फाइलही जपून ठेवावी, कारण त्या दिवशी तो भाऊ लाल टी-शर्टमध्येच आला होता, हेही खरं आहे. आणि असं काम तुम्ही बाहेरून करून घेणार असाल, तर नव्या फोटोबरोबर `Difference`चं ते काळं चित्रही मागून घ्या. बाकीच्या आठ जणांना कुणी हात लावलेला नाही, हे त्यावरून तुम्हाला स्वतःला पाहता येईल.