दुधाशिवायच्या आइस्क्रीमनं बोलावं कसं?

नवा ब्रँड काढणाऱ्यांना वाटतं, लोगो झाला, डब्याचा रंग ठरला की निम्मं काम उरकलं. मग होतं असं की इन्स्टाग्राम सांभाळणारी मुलगी ‘हाय फ्रेंड्स’ म्हणून सुरुवात करते, डब्यावरचा मजकूर सरकारी परिपत्रकासारखा निघतो आणि तक्रारींना उत्तरं देणारा ‘झालेल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व’ एवढं चिकटवून मोकळा होतो. गिऱ्हाइकाला कळत नाही, नेमकं बोलतंय कोण. हा घोळ टाळायला चार-पाच पानांचं एक टिपण करतात. धंद्यात त्याला ‘ब्रँड व्हॉइस गाइड’ म्हणतात.

समजा, कोकणातल्या नारळाच्या दुधापासून कुणी असा पदार्थ बनवतंय, आणि आपल्याला त्याचं गाइड लिहायचंय. पहिलं पान ‘आम्ही कोण’ या भाषणात वाया घालवू नये. तिथे लिहावं, आपण काय बोलणार नाही.

अडचण नावापासूनच सुरू होते. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांत आइस्क्रीम हा दुधाचा पदार्थ आहे. साध्या आइस्क्रीममध्ये दुधाची चरबी किमान 10 टक्के लागते. वनस्पतीजन्य पदार्थाला दुधाच्या पदार्थाचं नाव देता येत नाही. म्हणून डब्यावर ‘फ्रोझन डेझर्ट’ असं काहीतरी लिहावं लागतं. ‘नारळाचं दूध’ मात्र चालतं, कारण ते नाव परंपरेनं रूढ आहे. गप्पांत लोक आइस्क्रीमच म्हणणार, मीही या लेखात तेच म्हणतोय. पण डबा, मेन्यूकार्ड आणि जाहिरात यांत काय लिहायचं, हे गाइडमध्ये स्पष्ट हवं. ‘व्हिगन’ या शब्दाचंही तेच. त्यासाठी 2022 पासून वेगळे नियम आणि हिरवं चिन्ह आहे. परवानगीशिवाय तो शब्द मिरवायचा नाही.

दुसरा नकार दुधाला नावं ठेवण्याचा. नव्या ब्रँडला हा मोह हटकून होतो. 2017 साली उलट्या दिशेनं असंच घडलं होतं. फ्रोझन डेझर्टमध्ये वनस्पती तूप असतं, असं सुचवणारी अमूलची जाहिरात आली, हिंदुस्थान युनिलिव्हर मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि न्यायालयानं ती जाहिरात रोखली. कायदा बाजूला ठेवला तरी, ज्या घरात सकाळी दुधाचा रतीब येतो आणि गावाकडे दोन म्हशी आहेत, त्या घराला ‘दूध वाईट’ सांगून डबा खपत नाही.

तिसरा नकार ‘हेल्दी’, ‘हलकं’, ‘गिल्ट-फ्री’ या शब्दांना. दूध काढलं म्हणून साखर कमी होत नाही. नारळाच्या चरबीतला बहुतेक भाग संपृक्त असतो. ‘उपवासाला चालतं’ हेही आपण होऊन म्हणू नये. काय चालतं ते प्रत्येक घर आपापलं ठरवतं. आपण घटक सांगावेत आणि गप्प बसावं.

एवढं नाकारल्यावर उरतं ते पदार्थाचं खरं वागणं, आणि आवाज तिथूनच काढायचा. थंडीत बाटलीतलं खोबरेल गोठतं ते प्रत्येकानं पाहिलंय. तीच चरबी इथेही आहे. शिवाय पाणी आणि हवा धरून ठेवणारी दुधातली प्रथिनं इथे नाहीत. त्यामुळे घरच्या फ्रीझरमधून काढलेला डबा कडक असतो, आणि पहिल्यांदा घेणारा चमचा वाकवून बसतो. हा दोष लपवायचा की सांगायचा? माझं मत, सांगायचा, आणि तोही सगळ्यात आधी. म्हणून आपल्या ब्रँडचा स्वभाव असा ठरवू: मोकळा, थोडा मिश्कील, पण माहिती देताना सरळ. गिऱ्हाइकाला सगळीकडे ‘तुम्ही’. इन्स्टाग्रामवरही ‘तू’ नाही, कारण तोच डबा आजीही उघडते. वाक्यं छोटी, उद्गारचिन्ह जवळपास नाहीच.

आता या एकाच स्वभावाचे तीन मूड एकाच गोष्टीवर, म्हणजे कडक डब्यावर, घासून बघू. खेळकर मूड पोस्टर आणि सोशल मीडियासाठी: ‘डबा दगडासारखा लागतोय? नारळच तो, लगेच कसा फुटेल. दहा मिनिटं थांबा.’ शांत मूड डब्याच्या मागच्या बाजूसाठी: ‘फ्रीझरमधून काढून दहा मिनिटं बाहेर ठेवा. नारळाची चरबी थंडीत घट्ट होते. मऊ झाल्यावर वाढा.’ तिसरा दिलगिरीचा, चिडलेल्या माणसाला उत्तर देताना: ‘चमचा वाकला, हे वाचून वाईट वाटलं. डबा थोडा वेळ बाहेर ठेवावा लागतो, हे आम्ही झाकणावर मोठ्या अक्षरांत लिहायला हवं होतं.’ तिन्हीकडे माहिती तीच आणि बोलणारं माणूसही तेच. बदलला तो विनोद: पहिल्यात आहे, दुसऱ्यात नाही, तिसऱ्यात तर चुकूनही नको.

गाइडची खरी परीक्षा तक्रारीत होते. एक नमुना घेऊ. गिऱ्हाईक फोटो पाठवतं: झाकणाच्या आत बर्फाचे स्फटिक, आइस्क्रीम कडेनं खाली बसलेलं, तोंडात खरखर. जाणकाराला लगेच कळतं की डबा वाटेत अर्धवट वितळून पुन्हा गोठलाय. असं झालं की बारीक स्फटिक मोठे होतात. खेळकर मूडमध्ये रुळलेला माणूस इथे ‘अरेरे, आमचं आइस्क्रीम उन्हात फिरून आलं वाटतं’ असं लिहून बसतो. पैसे देऊन खरखर खाल्लेल्या माणसाला ही गंमत झोंबते. उत्तर असं हवं: ‘फोटोवरून दिसतंय की डबा वाटेत वितळून पुन्हा गोठला. तो खाऊ नका. तळाशी छापलेला बॅच नंबर कळवा; नवा डबा हवा की पैसे परत, तेही सांगा.’ आधी काय झालं ते, मग गिऱ्हाइकानं काय करायचं ते. माफी लांबवायची गरज नाही. डिलिव्हरीवाल्याकडे बोट तर दाखवायचंच नाही. गिऱ्हाइकानं पैसे आपल्याला दिलेले असतात.

एक विषय असा की त्याला तिन्ही मूड बंद. तो म्हणजे ॲलर्जी. ‘लॅक्टोज-फ्री’ आणि ‘डेअरी-फ्री’ हे शब्द जाहिरातवाले सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. लॅक्टोज-फ्री दुधात साखर फोडलेली असते, दुधाची प्रथिनं तशीच राहतात. ज्याला दूध नुसतं पचत नाही त्याचं त्यावर भागतं. ज्या मुलाला दुधाची ॲलर्जी आहे त्याला त्याच प्रथिनांनी त्रास होतो. शिवाय त्याच मशीनवर आधी कुल्फी झाली असेल, तर आपल्या डब्यातही दुधाचा अंश येऊ शकतो. काजू घातला असेल तर तो वेगळा ॲलर्जन. म्हणून गाइडमध्ये इथे नमुन्याची ओळ न देता ठरलेली ओळ द्यावी, जी कुणीही बदलायची नाही: ‘यात काजू आहे. दुधाचे पदार्थ बनणाऱ्या जागेत तयार केलेलं असल्यानं दुधाचा अंश असू शकतो.’ काउंटरवरच्या मुलालाही ती पाठ हवी, कारण ‘यात दूध नाही ना?’ हा प्रश्न इन्स्टाग्रामपेक्षा त्यालाच जास्त वेळा विचारला जातो.

गाइड जमलं की नाही, ते तपासणं सोपं आहे. लोगो झाकून पोस्टर, डबा आणि तक्रारीचं उत्तर ओळीनं मोठ्यानं वाचायचं, तेही लिहिणाऱ्यानं नव्हे, काउंटरवरच्या माणसानं. तो जिथे अडखळेल, ती ओळ खोडा.

आणि तुम्ही गिऱ्हाईक असाल, घरात कुणाला दुधाची ॲलर्जी असेल, तर समोरच्या गोड ओळींवर विसंबू नका. डबा उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचा, मगच पैसे द्या.