मधल्या वेळेचा प्रश्न

उन्हाळी विज्ञान शिबिराच्या अर्जात बहुधा एक छोटी चौकट असते: ‘तुम्हाला शिबिराला का यायचे आहे, शंभर-सव्वाशे शब्दांत लिहा.’ बरीच मुले तिथे लिहितात की मला लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे, शास्त्रज्ञ होऊन देशाची सेवा करायची आहे. ते मनापासून लिहिलेले असले, तरी त्यातून निवड करणाऱ्याला त्या मुलाविषयी काहीच कळत नाही. कळण्यासाठी मुलाने स्वतः पाहिलेली एखादी गोष्ट लागते.

समजा, सोलापूरच्या आठवीतल्या एका मुलीने असे लिहिले:

‘दुपारी बारा वाजता सावली सर्वांत लहान असते असे मला वाटत होते. दिवाळीच्या सुट्टीत मी गच्चीवर एक मीटरची सळई उभी केली. बाबा गवंडीकाम करतात, त्यांचा ओळंबा लावून ती सरळ आहे का ते पाहिले. सळईभोवती ८० सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले. ३ नोव्हेंबरला सावलीचे टोक सकाळी १०:४५ ला आणि दुपारी १:३३ ला वर्तुळाला टेकले. मधली वेळ १२:०९ आली. १२ फेब्रुवारीला तसेच केले, तेव्हा ११:१० आणि २:१२, म्हणजे मधली वेळ १२:४१. सावलीची कड पुसट असते, त्यामुळे दोन-तीन मिनिटांची चूक असू शकते. पण अर्धा तास चूक होणार नाही. सरांनी सांगितले की आपले घड्याळ मिर्झापूरजवळच्या रेखावृत्तावर चालते, म्हणून आपल्याकडे दुपार उशिरा होते. पण मग दोन महिन्यांत दोन वेगळ्या वेळा का? हे मला समजले नाही. ते शिकायला मला यायचे आहे.’

यात एकही मोठा शब्द नाही, पण वाचणाऱ्याला पुष्कळ दिसते. पहिली गोष्ट म्हणजे तिची पद्धत. ऐन दुपारी सावली इतकी हळू बदलते, की दहा मिनिटांत एक मीटरच्या सळईची सावली जेमतेम दोन मिलिमीटर सरकते. म्हणून ‘सर्वांत लहान सावली’ नेमकी कधी, हे नुसत्या डोळ्यांनी ठरत नाही. वर्तुळाला टोक टेकते त्या सुमारास मात्र सावली एका मिनिटात चारेक मिलिमीटर बदलते, त्यामुळे तो क्षण पकडता येतो. दोन्ही क्षणांच्या मधोमध मध्यान्ह. आपल्याकडचे जुने ज्योतिषी उभ्या काठीला शंकू म्हणत आणि याच वर्तुळाने दिशा ठरवत.

दुसरी गोष्ट म्हणजे तिने चूक किती असेल ते सांगितले आणि तिचा फरक त्या चुकीपेक्षा कितीतरी मोठा आहे हेही ओळखले. एक सेंटिमीटर पुसट कड म्हणजे दोन-अडीच मिनिटे, हा तिचा अंदाज बरोबर आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे तिचा प्रश्न खरा आहे. सरांचे उत्तर अर्धेच होते. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरची, तर सोलापूर सुमारे ७५.९ अंशांवर. एका अंशाला चार मिनिटे धरली, तर सोलापूरची मध्यान्ह साधारण १२:२६ ला यायला हवी, आणि ती वर्षभर तशीच. पण पृथ्वीची कक्षा किंचित लंबवर्तुळाकार आहे, म्हणून तिचा वेग बदलतो. शिवाय तिचा आसही कललेला आहे. या दोन्हींमुळे एका मध्यान्हीपासून दुसरीपर्यंतचा काळ कधी चोवीस तासांहून काही सेकंद जास्त, कधी कमी असतो. ते सेकंद साचत जातात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य घड्याळाच्या सुमारे १६ मिनिटे पुढे असतो, फेब्रुवारीच्या मध्याला सुमारे १४ मिनिटे मागे. १२:२६ मधून १६ वजा केले की १२:१०, १४ मिळवले की १२:४०. तिचे आकडे याच्या एका मिनिटाच्या आत आहेत.

आता हेच मनोगत घरातल्या मोठ्यांनी ‘सुधारले’ तर काय होईल? पुसट कडेचे वाक्य कमीपणाचे वाटून वगळले जाईल, ‘समजले नाही’च्या जागी इंटरनेटवरचे उत्तर येईल, आणि वेळा १२:१० व १२:४० अशा नीटनेटक्या होतील. मग मुलाखतीत कोणी विचारले, ‘वर्तुळ ८० सेंटिमीटरचेच का घेतलेस?’ तर मुलीला उत्तर देता येणार नाही. स्वतः केले असेल, तर ती सहज सांगेल: त्या दिवसांत दुपारची सावलीच साठ-पासष्ट सेंटिमीटर असते, लहान वर्तुळाला टोक टेकलेच नसते.

मोठ्यांनी शुद्धलेखन तपासावे, तारखा आणि आकडे वहीशी ताडून पाहावेत. वाक्ये मुलीचीच राहू द्यावीत, आणि मुलाखतीला ती वही तिच्याबरोबर द्यावी.