साध्या लॅपटॉपवर एचडीआर: चालू ठेवावं की बंद?

गेम अडखळायला लागला की पहिला सल्ला ठरलेला असतो: एचडीआर बंद करून बघ. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. एचडीआर या नावाखाली संगणकात दोन वेगळी कामं चालतात. एक गेमच्या आत, चित्र तयार होत असताना. दुसरं त्यानंतर, तयार झालेलं चित्र मॉनिटरला पाठवताना. साध्या संगणकाचा फ्रेम रेट खाली ओढणारं काम मुख्यतः पहिलं, आणि लोक बंद करतात ते बहुतेक वेळा दुसरं.

आधी गेमच्या आतलं काम पाहू. साध्या पद्धतीत पडद्यावरचा प्रत्येक ठिपका लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता अशा चार आकड्यांत साठवतात. प्रत्येक आकड्याला ८ बिट, म्हणजे ठिपक्यामागे ४ बाइट. ८ बिटांत ० ते २५५ एवढ्याच पायऱ्या मिळतात. गुहेतला अंधार आणि गुहेच्या तोंडाशी पडलेलं दुपारचं ऊन या दोहोंना तेवढ्या पायऱ्या पुरत नाहीत. उन्हाचा नुसता पांढरा डाग होतो. म्हणून एचडीआरमध्ये प्रत्येक आकड्याला १६ बिट देतात, उजेडाचा सगळा हिशेब त्या मोठ्या पल्ल्यात करतात आणि अगदी शेवटी तो पडद्याला झेपेल एवढ्या पल्ल्यात बसवतात. या शेवटच्या पायरीला टोन मॅपिंग म्हणतात. ठिपका मात्र आता ४ ऐवजी ८ बाइटांचा झालेला असतो. ग्राफिक्स चिपला आकडेमोडीचं फारसं ओझं होत नाही. ओझं होतं ते या दुप्पट बाइटांची मेमरीतून सतत ने-आण करण्याचं.

हे ओझं किती, ते एका नेहमीच्या लॅपटॉपवर मांडून पाहू. ग्राफिक्स चिप प्रोसेसरमध्येच आहे आणि डीडीआर४-२४०० रॅमची ८ जीबीची एकच पट्टी बसवलेली आहे. अशी पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त १९.२ गिगाबाइट माहिती देऊ शकते, आणि तीही एकट्या ग्राफिक्सला मिळत नाही. एकाच नळावर दोन बिऱ्हाडांनी पाणी भरावं तसे प्रोसेसर आणि ग्राफिक्स त्याच पट्टीवर भागवतात. वेगळ्या ग्राफिक्स कार्डाची मेमरी स्वतंत्र असते. जीटीएक्स १६५० सारख्या साध्या कार्डाच्या मूळ आवृत्तीलाही सेकंदाला १२८ गिगाबाइट मिळतात.

१९२० गुणिले १०८० म्हणजे सुमारे २०.७ लाख ठिपके. ४ बाइटांप्रमाणे एक पूर्ण चित्र ८.३ मेगाबाइटचं, ८ बाइटांप्रमाणे १६.६ मेगाबाइटचं. एवढ्यानं काही बिघडत नाही. बिघडतं ते गेममध्ये धूर पसरला की. धुराचा प्रत्येक थर चढवताना खालचा रंग आधी वाचावा लागतो, मिसळावा लागतो आणि परत लिहावा लागतो. पडदाभर पसरलेले धुराचे पाच थर धरले, तर ४ बाइटांच्या पद्धतीत ८३ मेगाबाइटची ने-आण होते आणि ८ बाइटांच्या पद्धतीत १६६ मेगाबाइटची. वाढलेले ८३ मेगाबाइट या पट्टीवरून जायला, वाट पूर्ण मोकळी मिळाली तरी, ४.३ मिलिसेकंद लागतात. जी फ्रेम १६ मिलिसेकंदांत होत होती तिला आता २०.३ लागतील. म्हणजे सेकंदाला ६२ फ्रेमवरून थेट ४९. प्रत्यक्षात चिपमधली कॅश आणि माहिती दाबून पाठवण्याच्या युक्त्या हा आकडा कमी करतात, तर प्रोसेसरची गर्दी तो वाढवते. पण मोकळ्या मैदानात नीट चालणारा गेम स्फोट झाला की का रखडतो, त्याचं एक मोठं कारण या हिशेबात आहे.

एचडीआर बंद करून खरा फायदा कुठे होतो, हे जुन्या गेममध्ये स्वच्छ दिसतं. २००६ च्या ‘ऑब्लिव्हियन’मध्ये एचडीआर, ब्लूम किंवा काहीच नाही असे तीन पर्याय होते. त्या काळच्या जीफोर्स ६ आणि ७ मालिकेच्या कार्डांना १६ बिटांच्या चित्रावर अँटिअलायझिंग करताच येत नव्हतं. त्यामुळे एचडीआर सोडलं की फ्रेम वाढायच्या आणि कडाही गुळगुळीत करून घेता यायच्या. व्हॉल्व्हनं २००५ मध्ये ‘लॉस्ट कोस्ट’ काढला तेव्हा वेगळा मार्ग धरला. टोन मॅपिंग शेवटी न करता प्रत्येक ठिपका रंगवतानाच उरकायचं, म्हणजे साठवायचं चित्र ८ बिटांचंच राहतं. ही युक्ती मला आजही फार मोलाची वाटते, कारण तिच्यामुळे एचडीआर आणि अँटिअलायझिंग साध्या कार्डांवरही एकत्र नांदलं. ‘काउंटर-स्ट्राइक: सोर्स’ जुन्या लॅपटॉपवर खेळत असाल तर कन्सोलमध्ये हे टाइप करून पाहा:

```
mat_hdr_level 0
```

० म्हणजे बंद, १ म्हणजे फक्त ब्लूम, २ म्हणजे पूर्ण एचडीआर. मॅप पुन्हा लोड केल्यावरच फरक धरायचा. एखाद्या मॅपमध्ये सावल्या नाहीशा होऊन सगळं सपाट, लख्ख दिसायला लागलं, तर त्या मॅपमध्ये साध्या पद्धतीचा उजेड साठवलेलाच नाही असं समजावं आणि तिथे २ वर परत जावं.

आजच्या बहुतेक गेममध्ये मात्र आतलं एचडीआर बंद करण्याची सोयच नसते. उजेडाचं सगळं गणितच त्यावर उभं असतं. अनेक गेम ११-११-१० बिटांची वाटणी करून पारदर्शकतेचा आकडा गाळतात आणि ठिपका पुन्हा ४ बाइटांत बसवतात, पण तो निर्णय गेम बनवणाऱ्यांचा, आपल्या हातातला नव्हे. आपल्या हातात रिझोल्यूशन आहे. १६०० गुणिले ९०० वर आलात की ठिपके सुमारे ३० टक्क्यांनी घटतात आणि वर मांडलेली ने-आणही तेवढीच घटते.

आता मॉनिटरचं एचडीआर. विंडोजमधलं `Use HDR` हे बटण, किंवा `Win + Alt + B`, फक्त बाहेर जाणाऱ्या चित्राचा साचा बदलतं. गेमनं १० बिटांचा साचा निवडला तर ठिपका ४ बाइटांचाच राहतो, त्यामुळे फ्रेम रेटवर फरक सहसा किरकोळ पडतो. विंडोज ११ मधलं ऑटो एचडीआर वेगळं: ते साध्या गेमच्या प्रत्येक फ्रेमवर वरून आणखी एक प्रक्रिया करतं. कमकुवत चिपवर ते आधी बंद करावं. स्वस्त मॉनिटरवर तर संपूर्ण एचडीआरच बंद ठेवावं असं माझं स्पष्ट मत आहे. डिस्प्लेएचडीआर ४०० या शिक्क्यासाठी पडद्याच्या भागाभागाचा उजेड वेगळा कमी-जास्त करण्याची अट नाही. अशा पडद्यावर काळा रंग राखाडी दिसतो, आणि फ्रेम वाचोत न वाचोत, चित्र बंद केल्यावरच बरं दिसतं.

बंद करून उपयोग होईल की नाही, हे आधीच ओळखता येतं. `Win + G` दाबून एफपीएस दाखवा, गेममध्ये धूर किंवा गर्दी असलेली एकच जागा निवडा आणि रिझोल्यूशन एक पायरी खाली आणा. एफपीएस चांगले वाढले तर अडचण ग्राफिक्सची किंवा मेमरीची आहे, आणि एचडीआर किंवा ब्लूम बंद करणं कामी येईल. आकडा तिथेच राहिला तर प्रोसेसर मागे पडतोय. मग एचडीआरला हात लावून काहीच मिळणार नाही, गर्दी आणि दूरवरच्या देखाव्याचे पर्याय कमी करा.

आणि या दिवाळीत लॅपटॉपवर खर्च करायचाच असेल, तर रॅमचा दुसरा स्लॉट रिकामा आहे का ते आधी पाहा. काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच जोडलेली असते, तिथे इलाज नाही. पण स्लॉट असेल तर पहिल्यासारखीच दुसरी पट्टी बसवा. १९.२ चे ३८.४ गिगाबाइट होतात आणि वरच्या हिशेबातले ४.३ मिलिसेकंद साधारण २.२ वर येतात.